खोकला की घाई? लघवी नेमकी कशाने सुटते

‘डॉक्टर, लघवी थांबत नाही.’ पन्नाशीच्या आसपासच्या बायका हे सांगायला म्हणून क्वचितच येतात. येतात गुडघ्यासाठी, बीपीसाठी, सुनेला दाखवायला. चिठ्ठी लिहून झाली की उठता उठता, दाराकडे बघत हे वाक्य टाकतात. ते ऐकल्यावर पुढचा प्रश्न एकच विचारायचा असतो: सुटते कधी?

उत्तरं ढोबळमानाने दोन प्रकारची येतात. एक प्रकार असा: खोकले, शिंकले, खळखळून हसले, पाण्याची बादली उचलली, एसटीच्या शेवटच्या पायरीवरून खाली उतरले की थोडी सुटते. त्या क्षणी लघवीला लागलेलं नसतं, कळायच्या आत कपडा ओला झालेला असतो. दुसरा प्रकार असा: बसल्या जागी अचानक अशी घाई लागते की उठून बाथरूम गाठेपर्यंत धीर निघत नाही. नळाचा आवाज ऐकला, गार पाण्यात हात घातले, घराच्या कुलपात किल्ली घातली की हमखास. आणि सुटते तेव्हा थेंबभर नाही, बरीच सुटते.

पहिल्या प्रकारात मूत्राशय बिचारं शांत असतं, बिघाड खालच्या आधारात असतो. डॉक्टर याला स्ट्रेस इनकॉन्टिनन्स म्हणतात. इथला ‘स्ट्रेस’ म्हणजे मनावरचा ताण नव्हे, पोटात एकदम वाढलेला दाब. (बाईने लघवी सुटते म्हणावं आणि घरच्यांनी ‘टेन्शन घेऊ नको’ म्हणावं, हे बऱ्याचदा या शब्दामुळे होतं.) दुसऱ्या प्रकारात आधार ठीक असू शकतो, पण मूत्राशयाची भिंत, जी स्वतः एक स्नायूच आहे, वेळ झालेली नसताना आकुंचन पावते. याला ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर म्हणतात. घाई हे त्याचं मुख्य लक्षण. घाईसोबत लघवी सुटेलच असं नाही, काही जणी दिवसाला पंधरा वेळा पळतात पण कपडे कोरडे ठेवतात.

पहिल्याच्या मुळाशी काय असतं ते बागेतल्या रबरी नळीवरून लक्षात येईल. नळी कडक जमिनीवर ठेवून तिच्यावर पाय दिला तर पाणी थांबतं, चिखलात ठेवून पाय दिला तर नळी खाली दबते आणि पाणी वाहतच राहतं. मूत्रमार्गाखाली स्नायूंची आणि तंतूंची जी बैठक असते ती बाळंतपणात ताणली जाते, पाळी गेल्यावर आणखी सैल पडते. मग खोकल्याचा दाब येतो तेव्हा मूत्रमार्गाला टेकायला घट्ट जागाच उरत नाही.

हा फरक एवढा ताणून सांगायचं कारण म्हणजे दोन्हींची औषधयोजना सारखी नाही. घाईवरच्या गोळ्या मूत्राशयाला शांत करतात. ज्या बाईचं मूत्राशय आधीच शांत आहे तिला त्या दिल्या तर तोंड कोरडं पडेल, बद्धकोष्ठ होईल आणि खोकल्यावर लघवी होती तशीच सुटत राहील. उलट बाजूला, घाईवालीला आधार घट्ट करणारी शस्त्रक्रिया केली तर कधी कधी घाई वाढते. आणि पुष्कळ बायकांत दोन्ही थोडं थोडं असतं. त्यांना ‘कधी सुटते?’ विचारलं तर ‘केव्हाही’ असं उत्तर येतं, आणि ते खरंही असतं. अशा वेळी स्मरणावर विसंबण्यापेक्षा तीन दिवसांची वही जास्त कामाची.

वही साधी असते. शाळेच्या वहीचं पान आडवं धरून रकाने आखायचे: वेळ, काय प्यायलं आणि किती, लघवी किती झाली, घाई किती होती, सुटली का, आणि सुटली तेव्हा काय चाललं होतं. लघवी मोजायला मिलिलिटरच्या खुणा असलेला प्लॅस्टिकचा मग घ्यायचा आणि तो फक्त त्याच कामाला ठेवायचा. घाईला शून्य ते तीन गुण द्यायचे: शून्य म्हणजे अजिबात लागली नव्हती, तीन म्हणजे आता नाही गेले तर सुटणार. तीन दिवस सलग असलेच पाहिजेत असं नाही, पण त्यांत कामाचा एक तरी दिवस आणि सुट्टीचा एक तरी दिवस यावा. बाहेर असताना मोजणं जमत नसेल तर फक्त वेळ आणि घाईचा आकडा लिहिला तरी चालतं. वही लिहिताना मात्र शहाण्यासारखं वागायचं नाही. नेहमी चार चहा होत असतील तर चारच घ्यावेत, नाहीतर वही आपली न राहता आदर्श बाईची होते.

वही सुरू करण्याआधी लघवीची साधी तपासणी आणि रक्तातली साखर पाहून घ्यावी. जंतुसंसर्गात घाई आणि जळजळ होतेच, आणि मधुमेहात लघवी वाढते. लघवीत रक्त दिसलं, लघवी झाल्यावरही भरलेलंच वाटलं, किंवा गर्भपिशवी काढल्यानंतर दिवसरात्र सतत गळत असेल, तर वहीत वेळ न घालवता थेट तज्ज्ञाकडे जावं.

आता एक पान उघडून बघू. वही चोपन्न वर्षांच्या एका शिक्षिकेची आहे असं समजा. अनेक जणींच्या वह्यांत दिसतं ते इथे एका जागी आणलं आहे. दोन बाळंतपणं नैसर्गिक, पाळी जाऊन तीन वर्षं झालेली, बीपीसाठी एनालाप्रिल चालू. ‘लघवी थांबत नाही’ एवढ्याच तक्रारीवर कुणीतरी सोलिफेनासिन सुरू केलं. दोन महिन्यांनी तोंड सुकलेलं, शौचाला त्रास, आणि फरक शून्य. गोळी बंद झाली आणि पंधरवड्याने वही आली.

पहिला दिवस असा. सकाळी सहाला उठून लघवी. पावणेआठला निघण्यापूर्वी ११० मिलि, घाई शून्य. साडेदहाला मधल्या सुट्टीत २६० मिलि, घाई एक. दीडला ३०० मिलि, घाई एक. पावणेपाचला घरी परतल्यावर २४० मिलि, घाई दोन. मग साडेसहाला १३०, साडेआठला १२०, साडेदहाला झोपण्यापूर्वी १५०. रात्री उठावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ३८० मिलि. उठल्यावरची पहिली लघवी ही रात्रभर साठलेली म्हणून आधीच्या दिवसाच्या खात्यात धरतात. त्या हिशेबाने चोवीस तासांची बेरीज १,६९० मिलि झाली.

या आकड्यांत काय दिसतं? एका वेळी ३८० मिलि साठवता येतं, शाळेत तीन तास आरामात निघतात, रात्री झोपमोड नाही, चोवीस तासांत आठ फेऱ्या. दीड ते दोन लिटर लघवी, एका वेळी ३०० ते ४०० मिलिपर्यंत साठवणं, दिवसाला सातआठ फेऱ्या हे सगळं ठीकच मानतात. म्हणजे मूत्राशय निकोप आहे. पावणेआठची ११० मिलि लघवी तर लागलेलीच नव्हती. ती ‘बाहेर पडतेय तर जाऊन येते’ या सवयीची. आपल्याकडे बायकांना वाटेत बरं शौचालय मिळण्याची खात्री नसते, तेव्हा या सवयीला नावं ठेवता येत नाहीत. पण दिवसाला सहासात वेळा असं केलं की मूत्राशयाला थोडक्यातच रिकामं व्हायची सवय लागते, हेही खरं.

खरी गोष्ट शेवटच्या रकान्यात होती. तीन दिवसांत सहा वेळा लघवी सुटली. त्यातल्या पाच नोंदींसमोर लिहिलं होतं: वर्गात खोकला, एसटीतून उतरताना, खोकला, खोकला, बादली. प्रत्येक वेळी थेंब-दोन थेंब, घाई शून्य. सहावी एकदाच, संध्याकाळी कुलूप उघडताना, घाई तीन. सहापैकी पाच दाबाच्या आणि एक घाईची. सोलिफेनासिनला इथे करण्यासारखं कामच नव्हतं.

आणि सहापैकी तीन नोंदी खोकल्याच्या. एनालाप्रिल, रामिप्रिल या जातीच्या बीपीच्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो आणि महिनोन्महिने टिकतो. अशा वेळी डॉक्टरांना विचारून टेल्मिसार्टनसारखी दुसऱ्या जातीची गोळी घेतली की खोकला बहुधा काही आठवड्यांत जातो. बैठक सैल असेलही, पण दिवसाला वीस वेळा तिच्यावर पडणारा घाव तर थांबतो. प्राझोसिन नावाची बीपीची जुनी गोळी मूत्रमार्ग सैल करून हाच त्रास देते. मधुमेहावर आता सर्रास दिलं जाणारं डापाग्लिफ्लोझिन साखर लघवीवाटे काढतं, आणि साखरेबरोबर पाणीही जातं. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर रोजच्या सगळ्या गोळ्यांची नावं लिहायला सांगतो. आपल्या मनाने कुठलीही बंद मात्र करायची नाही.

या बाईंसाठी मुख्य उपाय म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये त्यावर लिहिलं, म्हणून त्याला केगल व्यायाम म्हणतात. योगासनं करणाऱ्या बायकांना मूलबंध माहीत असतो, त्यांना ही क्रिया चटकन सापडते. बाकीच्यांची गाडी इथेच अडते. ‘आवळा’ म्हटलं की कित्येक जणी नितंब आवळतात, मांड्या जुळवतात, श्वास रोखतात, आणि काही तर चक्क खाली जोर करतात. खाली जोर करणं म्हणजे खोकल्यासारखाच दाब देणं. तो व्यायाम निष्ठेने तीन महिने केला तर त्रास वाढलाच पाहिजे.

बरोबर होतंय की नाही हे ओळखायला स्वच्छ धुतलेलं बोट योनीत थोडं आत ठेवून आवळून बघावं. बोटाभोवती घट्ट व्हावं आणि बोट आत, वरच्या दिशेला ओढल्यासारखं वाटावं. बाहेर ढकललं गेलं तर दिशा उलटी आहे. ते नको वाटत असेल तर उताणं झोपून, गुडघे वाकवून, आरशात योनी आणि गुदद्वार यांमधला भाग पाहावा. तो आत-वर गेला पाहिजे. पोट, नितंब सैल, आणि तोंडाने एक-दोन-तीन मोजता येतंय म्हणजे श्वासही चालू. वायू रोखताना जे आवळतो आणि लघवीची धार थांबवताना जे आवळतो, ते दोन्ही एकदम, अशी ती हालचाल आहे. मात्र धार मध्येच तोडून रोज सराव करू नये, त्याने मूत्राशय पुरतं रिकामं न होण्याची खोड लागू शकते.

प्रमाण असं: आवळून सहा ते आठ सेकंद धरायचं, तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचं, असं आठ वेळा. शेवटी चारपाच झटपट आवळण्या. हे दिवसातून तीनदा. सुरुवातीला तीन सेकंदही धरवत नसेल तर तीनच धरावेत. आधी झोपून, मग बसून, मग उभं राहून, कारण लघवी सुटते ती उभ्यानेच. सैल सोडणं हा व्यायामाचा अर्धा भाग आहे, आणि नेमका तोच घाईघाईत उरकला जातो.

याला जोडून एक युक्ती आहे, आणि ती लवकर फळ देते. खोकला येणार असं कळलं की खोकायच्या आधी क्षणभर आवळायचं, खोकला संपेपर्यंत धरायचं. बादली उचलण्याआधीही तसंच. मिशिगनमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये हे पडताळून पाहिलं, तेव्हा नीट शिकलेल्या बायकांचं खोकल्यावर सुटणं आठवड्याभरातच बरंच कमी झालं होतं. स्नायू इतक्या लवकर बळकट होत नाहीत. फायदा झाला तो वेळ साधल्याचा.

व्यायामाचा निकाल मात्र तीन महिन्यांआधी लावू नये. पहिला महिना बहुधा काहीच जाणवत नाही, आणि बहुसंख्य बायका तिथेच सोडून देतात. शक्य असेल तर सुरुवातीला एकदा आणि मग महिन्याने स्त्रियांच्या या व्यायामात मुरलेल्या फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्यावं. व्यायामाने सगळ्यांचंच भागतं असंही नाही. बाळंतपणात स्नायू हाडापासून सुटलेला असेल किंवा अंग बाहेर येत असेल तर मर्यादा येतात. आणि ओटीपोटात कायम दुखतं, संबंधाच्या वेळी दुखतं अशा काही जणींचे स्नायू मुळात जास्त आवळलेले असतात. त्यांना आधी सैल सोडायला शिकवावं लागतं, आवळण्याने दुखणं वाढतं.

आता घाईवालीची वही. तिची पानं बघताक्षणी वेगळी दिसतात: ८० मिलि, १००, ६०, १२०, दिवसाला तेराचौदा नोंदी, रात्री दोनतीन, आणि घाईच्या रकान्यात दोन आणि तीनचे आकडे. बेरीज तरीही दीड लिटरच. म्हणजे पाणी जास्त होत नाही, मूत्राशय कमी साठवू देतं. (बेरीज तीन-साडेतीन लिटर आली तर आधी साखर तपासावी, आणि ती ठीक निघाली तर सकाळी उठून तांब्याभर पाणी पिण्याच्या व्रताकडे वळावं. मूत्राशयाचा दोष नसलेल्या कित्येक जणी पाण्यावरच बऱ्या होतात.) भीतीने पाणी तोडणाऱ्या बायकांची गोष्ट उलटी. लघवी पिवळीधमक, घट्ट होते आणि तीच मूत्राशयाला झोंबते. दिवसाला दीड लिटरच्या आसपास प्यावं, चहा-कॉफी निम्म्यावर आणावी, आणि रात्री उठावं लागत असेल तर झोपण्यापूर्वीचे दोनतीन तास कमी प्यावं.

तिच्यासाठी मुख्य उपचार म्हणजे मूत्राशयाला वळण लावणं. वहीतून दोन फेऱ्यांमधलं सरासरी अंतर काढायचं, समजा एक तास. पहिला आठवडा सव्वा तासाने जायचं, लागो न लागो. जमलं की दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवत अडीच-तीन तासांपर्यंत न्यायचं. मध्येच घाई आली तर पळायचं नाही. पळताना पोटात दाब वाढतो आणि मन ‘आता सुटणार’ म्हणून आणखी घाबरतं. जागच्या जागी थांबायचं, शक्य तर बसायचं, तळाचे स्नायू पाचसहा वेळा भराभर आवळायचे आणि घाईचा भर ओसरू द्यायचा. घाई लाटेसारखी येते आणि बहुधा मिनिटभरात उतरते. उतरली की मग चालत जायचं. तळाचे स्नायू आवळले की मूत्राशयाला सैल व्हायचा निरोप मज्जारज्जूमार्गे जातो, म्हणून हाच व्यायाम इथेही उपयोगी पडतो. हे किमान सहा आठवडे करायचं असतं.

एवढं करूनही भागलं नाही तर गोळ्या. त्यांच्या दोन जाती आहेत. पहिल्या जातीत सोलिफेनासिन, टॉल्टेरोडिन, डॅरिफेनासिन, ऑक्सिब्युटिनिन येतात. मूत्राशयाला आकुंचन पावण्याचा जो रासायनिक हुकूम मिळतो तो या अडवतात. पण तोच हुकूम लाळग्रंथी, आतडी, डोळे आणि मेंदूही वापरतात. म्हणून तोंड कोरडं, शौच कडक, जवळचं अंधुक. तोंड कोरडं पडलं म्हणून जास्त पाणी प्यायचं आणि मग लघवी वाढली म्हणून गोळी वाढवायची, हा फेरा मी पुष्कळदा पाहिला आहे. सोलिफेनासिन साधारणपणे ५ मिलिग्रॅमने सुरू करतात आणि गरज पडली तर १० वर नेतात. काचबिंदूच्या एका प्रकारात, ज्यात डोळ्यातला निचऱ्याचा कोन अरुंद असतो, या गोळ्या चालत नाहीत. मूत्राशय नीट रिकामं होत नसेल तरीही नाहीत.

सत्तरीच्या पुढच्या बाईला तर मी या जातीच्या गोळ्या हात आखडूनच देतो, आणि ऑक्सिब्युटिनिन टाळतोच. ते मेंदूत सहज शिरतं. घरात आधीच झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी ॲमिट्रिप्टिलिन चालू असतं, सर्दीसाठी क्लोरफेनिरामिनची गोळी अधूनमधून घेतली जाते. तिन्हींचा मेंदूवरचा परिणाम एकाच दिशेचा, आणि तो साचत जातो. मग आजी विसरायला लागल्या, रात्री गोंधळतात म्हणून वयाला दोष दिला जातो.

दुसऱ्या जातीतली मिराबेग्रॉन वेगळ्या वाटेने काम करते, भरत असताना मूत्राशयाला सैल ठेवते. तिने तोंड फारसं कोरडं पडत नाही आणि डोकंही जड होत नाही, त्यामुळे वयस्कर बायकांसाठी ती मला बरी वाटते. मात्र बीपी वाढू शकतं. सुरू करण्याआधी आणि नंतरही ते तपासावं, आणि १८०/११० च्या वर, आटोक्यात नसलेलं असेल तर देऊ नये. रोज एक गोळी, २५ किंवा ५० मिलिग्रॅम, न चावता, न तोडता गिळायची. दोन्ही जातींच्या गोळ्यांना चार ते आठ आठवडे द्यावे लागतात. दहा दिवसांत गुण नाही म्हणून बदलण्यात अर्थ नाही. आणि गोळीकडून अपेक्षाही बेताची ठेवावी. औषधांच्या चाचण्यांत खोटी गोळी घेणाऱ्या बायकांच्याही फेऱ्या बऱ्याच कमी झालेल्या दिसतात, म्हणजे गोळीचा स्वतःचा वाटा त्यावरचा थोडासाच असतो.

पाळी गेलेल्या बायकांत घाईबरोबर कोरडेपणा, जळजळ असेल तर योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं मलम उपयोगी पडतं. पहिले दोन आठवडे रोज रात्री, नंतर आठवड्यातून दोनदा. ते अंगात फार थोडं शोषलं जातं, तरी स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर आधी त्या डॉक्टरांना विचारावं. खोकल्यावर सुटणाऱ्या लघवीवर मलमाचा भरवसा धरू नये. त्या त्रासासाठी ड्युलोक्सेटिन ही गोळी युरोपात मान्य आहे, अमेरिकेत नाही. तिने मळमळ इतकी होते की बऱ्याच जणी मध्येच सोडतात.

शिक्षिकाबाईंची दुसरी वही तीन महिन्यांनी आली. बीपीची गोळी बदलून खोकला गेलेला, व्यायाम सुरू, पाचच्या चहातली साखर गेली नाही पण दुसरा कप गेला. तीन दिवसांत लघवी एकदाच सुटली, बादली उचलताना. ‘चालतंय एवढं,’ असं त्या म्हणाल्या, म्हणून शस्त्रक्रियेचा विषय तिथेच थांबला. हीच नोंद तीन महिन्यांनंतरही रोज दोनतीनदा आली असती तर मूत्रमार्गाखाली जाळीची पट्टी किंवा रुग्णाच्याच शरीरातल्या ऊतीची पट्टी बसवण्याबद्दल बोलणं आलं असतं. जाळी शरीरात कायम राहते, काहींना पुढे दुखणं किंवा जाळी उघडी पडण्याचा त्रास होतो, आणि ती काढणं सोपं नसतं, हे शस्त्रक्रियेआधीच स्पष्ट सांगायला हवं. घाईवालीला गोळ्यांनी भागलं नाही तर दुर्बिणीतून मूत्राशयाच्या भिंतीत बोटॉक्सचे १०० युनिट टोचतात. गुण येतो, पण काही महिन्यांनी पुन्हा टोचावं लागतं, आणि काही जणींना मधले काही आठवडे लघवी अडते. तेवढ्या दिवसांपुरती नळी स्वतः घालून लघवी काढता येईल का, हे त्या बाईला आधी विचारून, शक्य तर शिकवून ठेवतात. नाही म्हणाली तर इंजेक्शन देत नाहीत.